भेडाघाटचा दगड आणि चार मिनिटांचा तक्ता

एप्रिल-मे महिन्यात दुपारी भेडाघाटला गेलात, तर चप्पल काढून दगडावर पाय ठेवून बघा. पाऊल टेकत नाही, चटका बसतो. तेच पाऊल दोन हातांवरच्या नर्मदेत टाकलं की पाणी गार लागतं. ऊन दोघांवर सारखंच पडलेलं असतं. या फरकामागे बरीच कारणं आहेत. पाणी सतत हलतं, खालचं वर येतं, वरचं थोडं वाफ होऊन उडून जातं, आणि ऊन पाण्यात खोलवर शिरतं तर दगडाच्या पातळ थरातच अडकतं. पण एक कारण पाण्याच्या स्वभावातच आहे. एक ग्रॅम संगमरवर एक अंशाने तापवायला सुमारे ०.८८ जूल उष्णता पुरते, तर एक ग्रॅम पाण्याला तेवढ्याच वाढीसाठी ४.१८ जूल लागतात. याच आकड्याला महाराष्ट्रातल्या पुस्तकांत विशिष्ट उष्माधारकता म्हणतात. आमच्या जबलपूरकडची मुलं हिंदी पुस्तकात तिला ‘विशिष्ट ऊष्मा’ म्हणून वाचतात.

माझ्याकडे अकरावीची एक मुलगी गणितं सोडवायला येते. भौतिकशास्त्राच्या वहीत तिने संगमरवराच्या विशिष्ट उष्माधारकतेचा प्रयोग लिहून आणला होता. उत्तर आलं होतं ०.७९. ती म्हणाली, “काका, सूत्र बरोबर आहे, गुणाकार तीनदा तपासला. मग उत्तर दहा टक्के कमी का?” गुणाकार खरोखरच बरोबर होता. चुका दुसरीकडे होत्या, आणि त्या तिच्याच वहीतल्या तापमानाच्या तक्त्यात आणि प्रयोगाच्या नोंदीत दिसत होत्या. त्या चुका कशा सापडल्या, तेच इथे सांगतो. आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून थोडे गोल केले आहेत.

आधी अंदाज

प्रयोग साधा आहे. १०० ग्रॅमचा संगमरवराचा तुकडा वाफेत तापवायचा आणि तांब्याच्या कॅलरीमापीतल्या १५० ग्रॅम पाण्यात झटकन सोडायचा. पाणी सुरुवातीला २६ अंश सेल्सिअसवर आहे, खोलीही २६ अंशांवर. दगड ९८.५ अंशांवर आहे. मिश्रण किती अंशांवर येईल?

बरीच मुलं वजनाच्या प्रमाणात सरासरी काढतात: १०० भाग दगडाचे, १५० भाग पाण्याचे, म्हणून ५५ अंश. प्रत्यक्षात मिश्रण ३५ अंशांपर्यंतही पोचत नाही. ही चूक फार जुनी आहे. १७६० च्या दशकात ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅक यांनी दाखवून दिलं की उष्णता वजनाप्रमाणे वाटली जात नाही, प्रत्येक पदार्थाची ती सामावून घेण्याची ताकद वेगळी असते. तोवर तापमान आणि उष्णता या दोन गोष्टी एकच असल्यासारख्या बोलल्या जात होत्या.

म्हणून आधी प्रत्येक वस्तूची ‘एका अंशाची किंमत’ काढावी. पाणी: १५० गुणिले ४.१८, म्हणजे ६२७ जूल. तांब्याचा कॅलरीमापी आणि ढवळणी मिळून ६० ग्रॅम, तांब्याची विशिष्ट उष्माधारकता ०.३९, म्हणजे २३.४ जूल. दोन्ही मिळून थंड बाजू एका अंशाने वर चढायला ६५०.४ जूल मागते. दगड मात्र एक अंश उतरताना जेमतेम ८८ जूल देतो. म्हणजे थंड बाजू दगडाच्या सुमारे ७.४ पट जड आहे. म्हणून पाणी एक अंश चढेल तेव्हा दगडाला ७.४ अंश उतरावं लागेल. दोघांमध्ये ७२.५ अंशांचं अंतर आहे. ते ७.४ अधिक १, म्हणजे ८.४ भागांत वाटा. एक भाग येतो साधारण ८.६ अंश. पाणी ३४.६ पर्यंत जायला हवं.

गणित सोडवताना हा अंदाज कागदाच्या कोपऱ्यात आधी लिहून ठेवावा. चिन्हाची चूक झाली, ग्रॅम आणि किलोग्रॅम एकमेकांत मिसळले, किंवा तापमानाच्या *फरकात* उगाच २७३ मिळवले, तर उत्तर या अंदाजापासून लांब पडतं आणि चूक तिथेच कळते. फरक सेल्सिअसमध्ये काढा की केल्विनमध्ये, तो एकच येतो.

जमाखर्चाचं समीकरण

यामागचं तत्त्व आपल्या घरच्या हिशेबासारखंच आहे: उष्ण वस्तूने गमावलेली उष्णता म्हणजे थंड वस्तूंनी मिळवलेली उष्णता. पण हे वाक्य खरं ठरायला एक अट लागते. वहीत ज्यांची नावं आहेत त्यांच्याबाहेर कुणी घेणारा किंवा देणारा असता कामा नये. पाणी, दगड आणि तांबं एवढेच हिशेबात असतील, तर उष्णतेची देवघेवही तेवढ्यांतच व्हायला हवी. खोलीतल्या हवेने मधूनच थोडी उचलली आणि ती नोंदली नाही, तर जमाखर्च जुळणार नाही. तत्त्व खोटं ठरत नाही, वहीत एक नाव कमी पडलेलं असतं.

मुलीच्या वहीत तीन नावं कमी होती. तिने दगडाची उष्णता फक्त पाण्याला दिली होती, दगडाचं तापमान १०० अंश धरलं होतं, आणि तक्त्यातलं सर्वांत मोठं तापमान ३४.२५ हेच अखेरचं म्हणून घेतलं होतं. त्यावरून हिशेब असा झाला: पाण्याने मिळवलेली उष्णता ६२७ गुणिले ८.२५, म्हणजे ५१७३ जूल. दगड उतरला ६५.७५ अंश. ५१७३ भागिले (१०० गुणिले ६५.७५) म्हणजे ०.७९.

पहिलं नाव तांब्याचं. भांडंही तापलं, त्याने आपला वाटा घेतला. ६२७ च्या जागी ६५०.४ लिहिल्यावर उत्तर ०.८२ झालं.

दुसरं नाव जबलपूरचं. पाणी १०० अंशांवर उकळतं ते समुद्रसपाटीजवळच्या हवेच्या दाबाखाली. आपलं शहर समुद्रसपाटीपासून चारशे मीटरहून थोडं उंच आहे, आणि साधारण तीनशे मीटरला उत्कलनबिंदू एक अंशाने उतरतो. त्यामुळे इथली वाफ ९८.५ च्या आसपास असते. प्रयोगशाळेत दगड ज्या हिप्सोमीटरमध्ये तापतो, त्यातला थर्मामीटर ९८.५ वरच थबकला होता. मुलीने तो आकडा वहीत लिहिला होता. हिशेब करताना मात्र पुस्तकातला १०० घेतला. वाचलेला आकडा घातल्यावर उत्तर ०.८४.

तिसरं नाव खोलीचं. ते शोधायला तक्ता लागतो.

तक्ता काय सांगतो

दगड पाण्यात सोडला ते शून्य मिनिट. ढवळणी हळू चालू ठेवून चार मिनिटांपर्यंत दर अर्ध्या मिनिटाला आणि पुढे दर मिनिटाला वाचन घ्यायचं.

| वेळ (मिनिटं) | तापमान (°से.) | खोलीपेक्षा जास्त (°से.) |
|---|---|---|
| ० | २६.० | ० |
| ½ | ३०.० | ४.० |
| १ | ३२.१ | ६.१ |
| १½ | ३३.२ | ७.२ |
| २ | ३३.८ | ७.८ |
| २½ | ३४.१ | ८.१ |
| ३ | ३४.२ | ८.२ |
| ३½ | ३४.२५ | ८.२५ |
| ४ | ३४.२५ | ८.२५ |
| ५ | ३४.२ | ८.२ |
| ६ | ३४.१ | ८.१ |
| ७ | ३४.० | ८.० |
| ८ | ३३.९ | ७.९ |

आधी शेवटच्या ओळी बघू. पाचव्या मिनिटानंतर तापमान दर मिनिटाला एक दशांश अंशाने उतरतं आहे. दगडाजवळ द्यायला आता काही उरलेलं नाही, म्हणून ही घट निव्वळ खोलीची आहे. भांडं आपली उष्णता हवेला देत आहे. आणि ही गळती पाचव्या मिनिटाला सुरू झाली असं समजायचं काही कारण नाही. पाणी खोलीपेक्षा जरा वर गेलं त्याच क्षणी ती सुरू झाली. पहिल्या चार मिनिटांत ती दिसत नव्हती, कारण दगड त्याहून भराभर उष्णता ओतत होता. साडेतीन-चार मिनिटांना दोन्ही वेग बरोबरीला आले, म्हणून तापमान तिथे थबकलं. सर्वांत मोठं तापमान म्हणजे उष्णता वाटून झाल्याचं तापमान, असं मुलं मानतात. खरं तर ते आवक आणि गळती सारखी झाल्याचं तापमान आहे.

मग चार मिनिटांत गळलं किती? तक्त्याच्या शेपटावरूनच ते निघतं. न्यूटन यांनी १७०१ मध्ये मांडलेला नियम इथे पुरतो: वस्तू खोलीपेक्षा जेवढे अंश वर, त्या प्रमाणात ती निवते. पाचव्या ते आठव्या मिनिटात पाणी खोलीपेक्षा सरासरी ८.०५ अंश वर होतं आणि मिनिटाला ०.१ अंश उतरत होतं. म्हणजे खोलीपेक्षा एक अंश वर असेल तर मिनिटाला ०.१ भागिले ८.०५, सुमारे ०.०१२४ अंश. हा त्या भांड्याचा गळतीचा दर. भांडं बदललं, त्यावर झाकण घातलं, बाहेरून लोकर किंवा नमदा गुंडाळला, की तो बदलतो. म्हणून तो पुस्तकातून घ्यायचा नसतो, आपल्याच तक्त्यातून काढायचा असतो.

आता पहिली चार मिनिटं. तिसऱ्या रकान्यातल्या शून्यापासून चौथ्या मिनिटापर्यंतच्या आकड्यांची सरासरी काढा. पहिला आणि शेवटचा आकडा निम्मा धरायचा, कारण त्यांच्या एकाच बाजूला काळ आहे. सरासरी येते ६.७२. म्हणजे चार मिनिटं पाणी खोलीपेक्षा सरासरी पावणेसात अंश वर होतं. गळती: ६.७२ गुणिले ४ गुणिले ०.०१२४, म्हणजे ०.३३ अंश.

गळती झाली नसती तर पाणी ३४.२५ अधिक ०.३३, म्हणजे ३४.५८ अंशांवर पोचलं असतं. हे आपल्या कोपऱ्यातल्या ३४.६ च्या अगदी जवळ आहे. आता शेवटचा हिशेब: ६५०.४ गुणिले ८.५८, म्हणजे ५५८० जूल. दगड उतरला ९८.५ वजा ३४.५८, म्हणजे ६३.९२ अंश. ५५८० भागिले ६३९२ म्हणजे ०.८७.

०.७९, ०.८२, ०.८४, ०.८७. एकेक नाव वहीत घेतलं तसं उत्तर वर सरकत गेलं. इथे एक गोष्ट मुलांना आवर्जून दाखवावी. तिन्ही चुका एकाच बाजूला ओढतात, तिन्ही उत्तर कमीच करतात. म्हणून प्रयोग पाच वेळा करून सरासरी काढली तरी काही हाती लागत नाही. पाचही उत्तरं ०.७९ च्या आसपास आली की उलट विश्वास वाढतो, आणि तो विश्वास चुकीचा असतो.

दोन ग्रॅम पाणी

उलट बाजूला ओढणारी एक चूक आहे, आणि ती एकटी या तिन्हींच्या तोडीची आहे. हिप्सोमीटर नसेल तर मुलं दगड थेट उकळत्या पाण्यात टाकतात आणि चिमट्याने उचलून कॅलरीमापीत सोडतात. दगडाला चिकटून दोन ग्रॅम गरम पाणी आलं असं धरा, म्हणजे अर्धा लहान चमचाही नाही. हे दोन ग्रॅम ६४ अंश उतरताना सुमारे ५३५ जूल देतात, आणि तेही दगडाच्या नावावर जमा होतात. उत्तर ०.९६ च्या आसपास जातं. कधी असंही होतं की ही चूक आणि आधीच्या तीन चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि उत्तर पुस्तकाशी तंतोतंत जुळतं. अशी वही बघून मला सर्वांत जास्त काळजी वाटते. जुळलेलं उत्तर हा बरोबर प्रयोगाचा पुरावा नसतो.

ही चूक पकडायची सोपी खूण आहे. प्रयोग संपल्यावर कॅलरीमापी पाणी आणि दगडासकट परत तोलावा. भांडं, पाणी आणि कोरडा दगड यांच्या बेरजेपेक्षा वजन जास्त भरलं, तर ते जास्तीचं पाणी दगडाबरोबर आलेलं आहे. हिप्सोमीटरमध्ये वाफ बाहेरच्या कप्प्यात फिरते आणि दगड आतल्या नळीत कोरडा राहतो, तो याचसाठी.

दगड कोणता, किती जाड

तक्त्याचा वरचा भागही बोलका आहे. पितळेचा गोळा असता, तर पाणी काही सेकंदांत शिखरावर पोचलं असतं. दगडाला चार मिनिटं लागली, कारण संगमरवर उष्णतेचा मंद वाहक आहे आणि गाभ्यातली उष्णता बाहेर यायला वेळ घेते. जेवढा वेळ जास्त, तेवढी गळती जास्त, आणि दुरुस्तीवर तेवढी भिस्त जास्त. इथे एक नियम कामाला येतो: जाडी निम्मी केली की उष्णता बाहेर यायचा वेळ साधारण चौथाईवर येतो. म्हणून शंभर ग्रॅमचा एक गोटा घेण्यापेक्षा फरशीवाल्याकडच्या कातरणातले बोटाएवढे चार-पाच तुकडे घ्यावेत. फार बारीक चुरी मात्र करू नये. ती हिप्सोमीटरमधून भांड्यात पडेपर्यंत हवेतच निवायला लागते, आणि ती गळती कोणत्याच तक्त्यात दिसत नाही.

तापवतानाही हाच मंदपणा आड येतो. थर्मामीटर ९८.५ दाखवायला लागला म्हणजे गाभा तापला असं नाही. आकडा स्थिर झाल्यावरही दहा मिनिटं थांबावं.

भेडाघाटला विकत मिळणाऱ्या मूर्ती-डब्यांपैकी पुष्कळ मऊ दगडाच्या, संगजिऱ्याच्या असतात. नखाने ओरखडा उठला तर तो संगमरवर नाही, आणि पुस्तकातल्या संगमरवराच्या आकड्याशी त्याचं उत्तर जुळवायला जाऊ नये. नर्मदेकाठचे कडेही बऱ्याच अंशी डोलोमाइटयुक्त संगमरवराचे आहेत, म्हणजे त्यांत कॅल्शियमसोबत मॅग्नेशियम आहे. त्यामुळे तिथल्या दगडाचं उत्तर ०.८८ पासून शतांशात इकडे-तिकडे सरकणं स्वाभाविक आहे. आपल्या साधनांना तो फरक दिसणारही नाही: ८.५ अंशांच्या वाढीत अर्ध्या दशांशाची वाचनचूक झाली, तरी उत्तर अर्ध्या टक्क्याहून जास्त हलतं.

मे महिन्यातला माठ

दुरुस्ती करण्यापेक्षा गळती होऊच न देणं चांगलं. त्यासाठी रम्फर्ड यांची एक युक्ती पुस्तकांत सांगतात: पाणी शेवटी खोलीपेक्षा जेवढं वर जाणार, तेवढंच सुरुवातीला खोलीपेक्षा खाली ठेवा. आधी खोली पाण्याला उष्णता देईल, नंतर तेवढीच परत घेईल.

पण आपला तक्ता सांगतो की निम्मं-निम्मं ठेवून भागत नाही. पाण्याने अर्धी वाढ जेमतेम अर्ध्या मिनिटात पुरी केली, उरलेली साडेतीन मिनिटं ते वरच्या अर्ध्यात होतं. निम्मं-निम्मं ठेवलं तर घेणं अर्ध्या मिनिटाचं आणि देणं साडेतीन मिनिटांचं होतं. चूक तिसऱ्या हिश्श्यावर येते, संपत नाही. हिशेब बरोबर सुटायला पाण्याचं चार मिनिटांतलं *सरासरी* तापमान खोलीएवढं हवं. म्हणजे या भांड्यात, या दगडासाठी, पाणी खोलीपेक्षा सुमारे साडेसहा अंश गार घ्यायचं. शेवटी ते खोलीच्या दीड-पावणेदोन अंशच वर जाईल.

आणि हे पाणी जबलपूरच्या मे महिन्यात शोधायला लागत नाही. कोरड्या हवेत भरलेल्या माठातलं पाणी खोलीपेक्षा इतपत गार सहज असतं. खोली ३६ अंशांवर असताना माठातलं पाणी २९.५ च्या आसपास मिळालं, फार गार असेल तर त्यात थोडं नळाचं मिसळलं, की झालं. कॅलरीमापी मात्र बाहेरून पुसून कोरडा करायचा, कारण ओल्या भांड्यावरून पाणी उडतं आणि ते भांडं माठासारखंच गार होत जातं. पावसाळ्यात हीच युक्ती उलटते. दमट हवेतली वाफ गार भांड्यावर दव होऊन जमते आणि आपली गुप्त उष्णता आत सोडते. भांड्याच्या पोटावर धुरकट ओल दिसली की तो प्रयोग सोडून द्यावा.

गार पाणी घेतलं की तक्ता दगड टाकण्याच्या पाच मिनिटं आधीपासून सुरू करायला हवा. साडेसहा अंश गार असलेलं पाणी खोलीत आपोआप मिनिटाला ०.०८ अंश चढत असतं. म्हणून सुरुवातीचं तापमान म्हणजे पाणी ओतलं तेव्हाचं नव्हे, दगड पडला त्या क्षणाचं. प्रयोग साधल्याची खूणही तक्त्यातच दिसते: शिखरानंतरची घट. २६ अंशांच्या खोलीत ती मिनिटाला ०.१ होती, आता ती त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढी उरते आणि शेवटच्या ओळी जवळपास सपाट होतात.

मुलीने मे महिन्यात प्रयोग पुन्हा केला. या वेळी तिने वही आणली तेव्हा उत्तर सांगितलं नाही. आधी तक्ता माझ्यापुढे ठेवला, शेवटच्या चार ओळींवर बोट ठेवलं आणि म्हणाली, “काका, हे बघा, उतरतच नाहीये.” मग आम्ही दोघांनी मिळून भागाकार केला.